नावाचा क्रम नावात नसतो

(शाळा-महाविद्यालयांच्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार. सुरुवातीलाच फळ्यावर एक नाव लिहितो.

भागवत सोपान भास्कर.

आता मला सांगा, या माणसाचं आडनाव काय? ज्यांना ‘भास्कर’ वाटतं त्यांनी हात वर करा. बरेच आहेत. ‘भागवत’ वाटतं असे किती? तेही कमी नाहीत. मागच्या रांगेतल्या मॅडमनी दोन्ही वेळा हात वर केला, आणि मला विचाराल तर त्यांचंच उत्तर बरोबर आहे. भागवत हे नावही आहे आणि आडनावही. भास्करचंही तसंच. स्वतःचं नाव भागवत, वडील सोपान, आडनाव भास्कर असं वाचलं तर काही खटकत नाही. आडनाव भागवत, स्वतःचं नाव सोपान, वडील भास्कर असं वाचलं तरीही खटकत नाही. हे नाव मी कल्पनेतून आणलेलं नाही. एका यादीत ते माझ्यासमोर असंच आलं होतं, फक्त इथे एकदोन अक्षरांचा फेरफार केला आहे. त्याचा निकाल कसा लागला ते शेवटी सांगतो. वेळ उरला नाही तरी ते सांगणार आहे.

आज विषय दिला आहे तो असा की एकाच रकान्यात पूर्ण नाव असतं, त्याचं नाव, मधलं नाव आणि आडनाव कसं करायचं. तुमच्यापैकी बहुतेकांनी हे काम केलेलं आहे. वरून मेल येतो, ‘सोबतच्या नमुन्यात तीन स्तंभांत माहिती संध्याकाळपर्यंत पाठवावी’, आणि आपल्याकडे रजिस्टरवरून टाइप केलेला एकच स्तंभ असतो. मग आपण पहिली मोकळी जागा शोधतो, शेवटची मोकळी जागा शोधतो आणि मधलं ते मधलं नाव म्हणून मोकळे होतो. एक्सेलमध्ये ते असं होतं. B मध्ये पूर्ण नाव, C मध्ये पहिला शब्द, E मध्ये शेवटचा आणि D मध्ये उरलेलं:

```
C2: =LEFT(B2,FIND(" ",B2)-1)
E2: =TRIM(RIGHT(SUBSTITUTE(B2," ",REPT(" ",50)),50))
D2: =MID(B2,LEN(C2)+2,LEN(B2)-LEN(C2)-LEN(E2)-2)
```

ही सूत्रं चुकीची नाहीत. ती शब्द तोडतात आणि बरोबर तोडतात. पण ‘पहिला शब्द म्हणजे नाव’ हे सूत्रात कुठेही लिहिलेलं नाही, ते आपण वरच्या ओळीत शीर्षक म्हणून टाइप करतो. सगळा घोटाळा त्या शीर्षकात आहे.

यावरून मला एका मुलीची गोष्ट सांगायची आहे. जरा लांबेल, पण मी हे व्याख्यान द्यायला आलो ते खरं म्हणजे तिच्यामुळे. तिला आपण सुनीता म्हणू. नाव बदललं आहे, नावाची ठेवण बदललेली नाही.

मी तेव्हा एका महाविद्यालयाच्या कार्यालयात होतो. प्रवेशाचं रजिस्टर आम्ही दहावीच्या गुणपत्रिकेवरून भरायचो, आणि आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं हे तुम्हाला माहीतच आहे. त्यामुळे रजिस्टरमध्ये ती होती ‘जाधव सुनीता विठ्ठल’. शिष्यवृत्तीसाठी यादी वर गेली. तिथे कोणीतरी, कोण ते मला आजही ठाऊक नाही, तिचे तीन तुकडे केले. नाव जाधव, मधलं नाव सुनीता, आडनाव विठ्ठल. पडताळणीसाठी ती यादी छापून आमच्याकडे परत आली. छापताना तिन्ही तुकडे पुन्हा जोडलेले होते. काय छापलं होतं? ‘जाधव सुनीता विठ्ठल’. जसं पाठवलं तसंच! आम्ही दोघांनी मिळून, एकानं वाचायचं आणि एकानं रजिस्टरवर बोट ठेवायचं, अशी ती सगळी यादी तपासली आणि ‘बरोबर आहे’ म्हणून सही केली.

हे नीट लक्षात घ्या. चुकीचे तोडलेले तुकडे त्याच क्रमानं जोडले की नाव जसंच्या तसं दिसतं. डोळ्यांनी वाचून ही चूक कधीच सापडत नाही. तुकडे वेगवेगळे वापरायची वेळ येते तेव्हाच ती बाहेर पडते.

सुनीताच्या बाबतीत ती वेळ बँकेत आली. पासबुकावर ‘सुनीता विठ्ठल जाधव’. शिष्यवृत्तीच्या नोंदीत आडनाव विठ्ठल, नाव जाधव. जुळेना, म्हणून पैसे अडकले. ती वडिलांना घेऊन आमच्याकडे आली. आम्ही रजिस्टर दाखवलं, आमचं बरोबर आहे म्हणालो. ते बँकेत गेले. तिथल्यांनी पासबुक दाखवलं, आमचं बरोबर आहे म्हणाले. दोघंही खरं बोलत होते. ते परत आमच्याकडे आले. वडील रोजंदारीवर जायचे, म्हणजे प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडत होती. तिसऱ्या खेपेला ते खिडकीशी उभे राहून मुलीला म्हणाले, ‘तुझं नाव चुकलंय का गं?’ त्या पोरीनं मान खाली घातली. तिचं काय चुकलं होतं? तिनं आयुष्यभर आपलं नाव बरोबर सांगितलं होतं. एका कागदाचा क्रम एक आणि दुसऱ्याचा दुसरा, आणि त्यांच्या मधे कोणीतरी मोकळी जागा शोधणारं सूत्र बसवलं होतं. पुढे प्रतिज्ञापत्र, अर्ज, शिक्के असं सगळं झालं आणि पैसे मिळाले, पण पहिलं सत्र संपून गेलं होतं. त्या यादीत पहिल्या स्तंभावर नुसती क्रमवारी लावून कोणी पाहिलं असतं तर ‘नाव’ या शीर्षकाखाली जाधव, जाधव, जाधव, जाधव अशी रांग दिसली असती. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. तेव्हापासून मी कुठलीही तोडलेली यादी हातात आली की आधी पहिल्या स्तंभावर क्रमवारी लावतो आणि मग शेवटच्या. हेच आजही करतो.

तर माझं म्हणणं असं आहे की नावाचा क्रम नावात नसतो, तो ज्या कागदावरून नाव आलं त्या कागदात असतो. दहावीच्या गुणपत्रिकेवरून आलं तर आडनाव आधी. पॅनच्या अर्जावर आडनावाचा चौकोन आधी, मग नाव, मग मधलं नाव. पासपोर्टवर दोनच खाती, एकात आडनाव आणि दुसऱ्यात बाकी सगळं. आधारवर नाव एकसंध असतं, तिथे तुकडेच नाहीत. लग्नपत्रिकेवर नाव आधी. म्हणून यादी तोडायला घेण्याआधी विचारायचा प्रश्न ‘यात किती शब्द आहेत’ हा नाही, ‘ही ओळ कुठून आली’ हा आहे. रजिस्टरमधून उतरवलेल्या ओळी वेगळ्या, लोकांनी स्वतः भरलेल्या ओळी वेगळ्या. एकत्र करण्याआधी ‘स्रोत’ नावाचा एक स्तंभ घाला. एवढं झालं तर निम्मी लढाई तिथेच संपते.

आणि ‘मधलं नाव’ हा शब्दही जरा बाजूला ठेवा. इंग्रजी फॉर्ममध्ये त्या चौकोनात माणसाचं स्वतःचंच दुसरं नाव अपेक्षित असतं. आपल्याकडे मधे असतं ते दुसऱ्या माणसाचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं. त्यामुळे ते आयुष्यात बदलू शकतं. मुलगी रजिस्टरमध्ये वडिलांच्या नावानं असते आणि पंचवीस वर्षांनी माजी विद्यार्थी मेळाव्याच्या अर्जात नवऱ्याच्या नावानं. तीन शब्दांपैकी दोन बदललेले असतात. तुम्ही तिची दोन ओळखपत्रं छापता, आणि ती बिचारी टेबलापाशी दोन्ही हातांत धरून उभी राहते. मी त्या स्तंभाला ‘वडील/पती’ असं शीर्षक देतो आणि शेजारी ‘नातं’ असा एक छोटा स्तंभ ठेवतो.

आता तोडण्याआधीची सफाई. इथे मला एक राग आहे तो सांगून टाकतो. नावापुढची श्री., सौ., कु. काढायची म्हणून लोक ‘सगळीकडे बदला’ हे बटण दाबतात. ‘श्री’ शोधायचं आणि जागा रिकामी. मग श्रीकांतचा कांत होतो, श्रीधरचा धर होतो. ‘सौ’ काढलं की सौरभचा ‘रभ’ उरतो आणि ‘कु’ काढलं की कुणालचा ‘णाल’. हसू नका, मी ‘रभ’ असं छापलेलं पाकीट पाहिलं आहे. आपल्या मुलाचं नाव असं मोडलेलं बघून आईला काय वाटलं असेल? उपाधी काढायची ती फक्त ओळीच्या सुरुवातीला, आणि तिच्यानंतर टिंब किंवा मोकळी जागा असेल तेव्हाच. आणि काढून फेकायची नाही, वेगळ्या स्तंभात ठेवायची. ‘कु.’ आणि ‘सौ.’वरून मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं ते कळतं. तो पुरावा आहे.

दुसरी सफाई डोळ्यांना दिसत नाही. वेबपेजवरून चिकटवलेल्या यादीत काही मोकळ्या जागा साध्या नसतात, न तुटणाऱ्या असतात. दिसायला अगदी सारख्या, पण `TRIM` त्यांना हात लावत नाही आणि `FIND(" ",…)` ला त्या सापडत नाहीत. ‘नाव एकाच शब्दाचं आहे’ असं सूत्र सांगतं आणि तुम्हाला तर तीन शब्द दिसत असतात, तेव्हा हे समजायचं. उपाय सोपा आहे. मूळ A ला हात न लावता B मध्ये:

```
B2: =TRIM(SUBSTITUTE(A2,UNICHAR(160)," "))
```

तिसरं, राव आणि बाई. ‘बाबूराव’ हा एक शब्द आहे, पण टाइप करणारा ‘बाबू राव’ लिहितो. ‘सखूबाई’ची ‘सखू बाई’ होते. मग तीनाचे चार शब्द होतात. ‘राव’ दिसला की मागच्या शब्दाला जोडा, असा नियम करावासा वाटतो. पण राव हे आडनावही आहे. ‘श्रीनिवास व्यंकटेश राव’ यातला राव मागे जोडला की माणसाचं आडनावच नाहीसं होतं. बरं, शेवटी आला तर जोडू नका म्हणावं, तर ‘पाटील संजय बाबू राव’ मध्ये तो शेवटीच आहे आणि तिथे जोडायलाच हवा. म्हणजे पुन्हा तेच. ही ओळ आडनाव आधीची आहे की नाही हे कळल्याशिवाय साधा ‘राव’सुद्धा जोडता येत नाही.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. दहा मिनिटं. बरं, मग मुख्य पद्धत आता घाईनंच सांगावी लागणार. वहीत फक्त सूत्र उतरवून घ्या, बाकी घरी करून बघा.

समजा स्रोत माहीत नाही. रजिस्टरच्या आणि अर्जांच्या ओळी कोणीतरी आधीच एकत्र करून टाकल्या आहेत. माझ्याकडे माजी विद्यार्थ्यांची अशीच यादी आली होती, बाराशेच्या वर ओळी. आडनावांची तयार यादी माझ्याजवळ नव्हती. पण एक गोष्ट बघा. आडनाव आधी असेल तर मधे स्वतःचं नाव असतं. नाव आधी असेल तर मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. म्हणजे कुठलाही क्रम असला तरी मधल्या जागी आडनाव येत नाही! आडनाव एक तर पहिलं, नाही तर शेवटचं. तेव्हा मधला स्तंभ हीच आपोआप तयार झालेली ‘ही आडनावं नव्हेत’ अशी यादी आहे. आता प्रत्येक ओळीचा पहिला शब्द त्या स्तंभात किती वेळा येतो ते मोजायचं, आणि शेवटचाही:

```
F2: =COUNTIF($D$2:$D$1300,C2)
G2: =COUNTIF($D$2:$D$1300,E2)
```

‘पाटील संजय बाबूराव’ आणि ‘प्रकाश बाबूराव मोरे’ अशा दोन ओळी घ्या. पहिल्या ओळीतला ‘बाबूराव’ शेवटी आहे आणि तोच दुसऱ्या ओळीत मधे सापडतो. ‘पाटील’ मधे कुठेच नाही. म्हणजे पहिल्या ओळीत आडनाव आधी आहे. तिसरी ओळ ‘संजय दत्तात्रय शिंदे’. तिच्यातला ‘संजय’ पहिल्या ओळीत मधे आहे आणि ‘शिंदे’ मधे कुठे नाही. म्हणजे इथे नाव आधी. F मध्ये काही आणि G मध्ये शून्य असेल तर नाव आधी. F शून्य आणि G मध्ये काही असेल तर आडनाव आधी. दोन्ही शून्य किंवा दोन्हींत काही, तर ‘संशय’ असं लिहून ती ओळ बाजूला.

हे कुठे फसतं तेही सांगतो. एक, हे फक्त नेमक्या तीन शब्दांच्या ओळींवर करायचं. दोन शब्दांच्या आणि चाराच्या ओळी आधी वेगळ्या पानावर काढा. दोन, ‘अजित नाईक निंबाळकर’. तीनच शब्द, पण वडिलांचं नाव नाही आणि आडनाव जोड. इथे ‘नाईक’ मधे शिरला, आणि मग ‘नाईक सुरेश दत्ताराम’ ही ओळ बिघडते. म्हणून एखाद्याच नोंदीवर निकाल देऊ नका. मधला स्तंभ वेगळा काढून, दुहेरी नोंदी हटवून, एकदा डोळ्यांखालून घाला. नाईक, राजे, मोहिते, विखे असे शब्द तिथे दिसले की लगेच कळतात. तीन, एकाच वर्गाची साठ नावं असतील तर हे चालत नाही. वडिलांच्या पिढीत बाबूराव, विठ्ठल आणि मुलांच्या पिढीत सौरभ, स्नेहा. दोन पिढ्यांची नावं एकमेकांत सापडतच नाहीत. पन्नास वर्षांची यादी असली की 1975 साली विद्यार्थी असलेला संजय 2000 च्या ओळीत कोणाचा तरी बाप म्हणून येतो, आणि तिथे ही पद्धत पकड घेते.

ज्यांना हे सगळं लागूच नाही अशीही नावं आहेत, ती नुसती सांगून पुढे जातो. ‘अब्दुल रहीम’ हे दोन शब्द मिळून एक नाव आहे, ते तोडलं तर अर्थच अर्धा राहतो. गोव्याकडच्या ‘डि सोझा’मध्ये ‘डि’ आडनावाचाच भाग आहे. तमिळ माणसाच्या नावापुढचं अक्षर बहुधा वडिलांच्या नावाचं असतं, आणि त्याला आपल्या अर्थानं आडनाव नसतंच. तिथे शेवटचा शब्द त्याचं स्वतःचं नाव असतं. अशांना तीन खात्यांत कोंबू नका, आडनावाचं खातं रिकामं ठेवा. समोरची प्रणाली रिकामं घेत नसेल तर ते वर कळवा, टिंब किंवा वडिलांचं नाव भरून मोकळे होऊ नका.

आणि एक नवं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांसाठी आपल्या शासनानं बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम ठरवला आहे. ही मुलं पहिलीत आली की तुमच्या यादीत चार शब्दांच्या ओळी वाढत जातील. चार शब्द दिसले की ‘बाबू राव’ किंवा जोड आडनाव असावं, ही आपली आजची अटकळ तेव्हा चुकेल. मधलं सगळं एका खात्यात ढकललं तर आई आणि वडील मिळून एक माणूस तयार होईल. आत्तापासून आईसाठी वेगळा स्तंभ करा आणि जन्मतारखेचा स्तंभ यादीतून गाळू नका. शब्द तीन की चार, हे पुढे त्या तारखेवरून कळणार आहे.

चिठ्ठी परत आली. शेवटचं सांगतो आणि बसतो.

फळ्यावरचा भागवत सोपान भास्कर. बाराशे ओळींमध्ये मोजणी केली, तर भागवत मधे सापडला आणि भास्करही सापडला. म्हणून ‘संशय’. मी त्याला बाजूला ठेवून पुढे गेलो होतो. मग यादी पत्त्यावर लावली. त्याच गावातली, त्याच घराची, तीनच वर्षं पुढची ओळ होती, ‘भागवत मंगल भास्कर’. भावंडं असतील तर वडील आणि आडनाव सारखं असणार, फरक पडणार तो फक्त स्वतःच्या नावात. नाव आधी असेल तर पहिला शब्द बदलतो, आडनाव आधी असेल तर मधला. इथे मधला बदलला होता. शिवाय मंगल हे मुलीचं नाव, ते बापाच्या जागी असणार नाही. म्हणजे तो सोपान. आडनाव भागवत, वडील भास्कर. तरी मी फोन केला. पलीकडून उचलला आणि मी विचारलं, ‘सोपान भागवत बोलताय का?’ ते म्हणाले, ‘हो, बोला.’